आईच्या भावांना काय झाले होते?



निवृत्तीपूर्वीची शेवटची अकरा वर्षे मी रक्त न गोठण्याच्या आजारांच्या दवाखान्यात परिचारिका होते. नवे बाळ आले की आम्ही त्याच्या आईला एक ठरलेला प्रश्न विचारत असू : "तुझ्या आईच्या भावांना काही झाले होते का? मामा, आजीचे भाऊ, कोणी लहानपणी गेले का?" हा प्रश्न मी शेकडो बायकांना विचारला असेल, पण माझ्या सासरी एकदाही विचारला नाही. म्हणून हा लेख लिहीत आहे. ताईंनी आणि त्यांच्या मुलींनी तो लिहायला परवानगी दिली आहे.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. त्या आता ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना दोन मुली. थोरलीला एक मुलगी, तीच ताईंची नात. दोन वर्षांपूर्वी या नातीला पहिला मुलगा झाला आणि आठव्या दिवशी ब्रित मिला झाली. मोहेलने रीतीप्रमाणे विचारले होते की, घरात कोणा मुलाला जास्त रक्त गेले होते का? नात म्हणाली, "नाही, हे आमच्या घरातले पहिलेच मूल." ती खोटे बोलली नाही. तिला जेवढे माहीत होते तेवढे तिने सांगितले.

संध्याकाळी लंगोट बदलताना रक्त दिसले. मोहेल परत आला, त्याने पट्टी घट्ट बांधली आणि रक्त थांबले. रात्री पुन्हा सुरू झाले. धो धो नव्हते, थेंब थेंब, पण थांबेना. सकाळी बाळ पांढरे पडले तेव्हा त्याला इस्पितळात नेले. रक्ताच्या तपासणीत पीटीटी ही चाचणी फार लांबलेली निघाली. त्यानंतर फॅक्टर आठ मोजला, तो एक टक्क्यापेक्षा कमी होता. तीव्र हिमोफिलिया ए. फॅक्टरचे इंजेक्शन दिल्यावर रक्त थांबले आणि बाळ वाचले.

त्या रात्री मी ताईंच्या स्वयंपाकघरात बसले आणि इतक्या वर्षांनी तो प्रश्न विचारला. "ताई, तुमच्या पाठीवर माझे यजमान. पण तुमच्या आधी एक भाऊ होता ना?"

ताई म्हणाल्या, "होता की. दादा. त्याला वात होता."

दादाचा 'वात'

दादा १९४४ साली पेणला जन्मला. त्याच्या मिलाच्या वेळी तीन दिवस कापूस बदलावा लागला, असे आई सांगत असे. चालायला लागल्यावर त्याच्या अंगावर निळे डाग उठत. पाचव्या-सहाव्या वर्षापासून गुडघे सुजू लागले. खेळून आला की संध्याकाळी गुडघा गरम होई, रात्री पपईएवढा होई आणि दुखण्याने तो रडे. घरचे त्याला वात समजून लेप लावत आणि तेलाने चोळत. काही दिवसांनी सूज उतरे आणि पुन्हा येई. दहाव्या वर्षी त्याचा उजवा पाय सरळ होईनासा झाला. अकराव्या वर्षी तो ओट्याच्या पायरीवरून पडला आणि डोक्याला लहानसे टेंगूळ आले. रात्री जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी डोके दुखतेय म्हणाला, ओकला, मग गुंगीत गेला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

ज्यांनी हे आजार पाहिले आहेत त्यांना एवढे ऐकल्यावर तपासणीची फारशी गरज उरत नाही. हिमोफिलियाचे रक्त कुठे वाहते हे या एका मुलाच्या गोष्टीत जवळजवळ सगळे आले आहे.

पुष्कळ लोकांना वाटते की हिमोफिलियाच्या माणसाला सुई टोचली तरी तो रक्त वाहून मरतो. तसे नसते. रक्त थांबवण्याचे काम शरीर दोन टप्प्यांत करते. आधी प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी भोकावर गोळा होऊन बूच घालतात. ते बंधाऱ्यावर मातीचे ढेकूळ टाकण्यासारखे असते. मग फॅक्टर नावाची प्रथिने एकामागून एक कामाला लागतात आणि फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणून त्या मातीवर सिमेंट चढवतात. हिमोफिलियात पहिला टप्पा चांगला असतो. दुसऱ्यातला एक गवंडी कमी असतो. फॅक्टर आठ कमी असला तर आजाराला 'ए' म्हणतात आणि फॅक्टर नऊ कमी असला तर 'बी'. म्हणून बोटाला सुरी लागली तर रक्त बहुधा वेळेवर थांबते. पण दाढ काढली, सुंता केली, आत खोलवर मार बसला, तर आधी थांबलेले रक्त काही तासांनी पुन्हा सुरू होते, कारण मातीचे बूच वाहून जाते. आमच्या बाळाचे नेमके हेच झाले. संध्याकाळी थांबले आणि रात्री पुन्हा आले.

सगळ्यांत जास्त रक्त सांध्यांच्या आत जाते. गुडघा, घोटा आणि कोपर या तीन ठिकाणी. हे सांधे दिवसभर वाकतात आणि त्यांच्या आतल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. बाहेर एक थेंब दिसत नाही, म्हणून घरच्यांना सूज दिसते, रक्त दिसत नाही. समजत्या वयाचा मुलगा सूज येण्याआधीच सांगतो की सांध्यात मुंग्या आल्यासारखे, गरम-गरम वाटते. त्याच वेळी फॅक्टर दिला तर सांधा वाचतो. पुन्हा पुन्हा रक्त साचले तर त्यातले लोह अस्तराला आणि कूर्चेला खाते आणि सांधा आखडतो. दादाचा पाय सरळ होईना तो यामुळेच. चोळल्याने तर रक्त आणखी जाते. आईने मायेने चोळले, तिचा काय दोष?

सांध्यांनंतर स्नायू येतात. पोटरी, मांडी, हाताचा पुढचा भाग. एक जागा विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कमरेच्या आत, मणक्यापासून मांडीपर्यंत जाणारा एक मोठा स्नायू असतो. त्यात रक्त साचले की जांघेत दुखते आणि माणूस मांडी पोटाशी घेऊन पडतो, ती सरळ करू देत नाही. उजवीकडे असले तर अपेंडिक्स वाटते. त्या समजुतीने घाईने शस्त्रक्रिया झाली तर धोका होतो. लहान बाळांत जीभ आणि वरच्या ओठाची आतली शीर फाटून तोंडातून रक्त जाते. आणि सर्वांत भयंकर म्हणजे डोक्याच्या आतला रक्तस्राव. तो हळू होतो. म्हणून पडल्यावर मूल आधी हसते-खेळते आणि दुसऱ्या दिवशी ओकते. हिमोफिलिया असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट पाहायची नसते. आधी फॅक्टर द्यायचा आणि मग स्कॅन काढायचा.

मुलांना आजार, पण आला कुठून?

आमच्या जमातीच्या जुन्या माणसांना एक गोष्ट ठाऊक असेल. गेमारात, येवामोत ६४ मध्ये, त्सिपोरी गावच्या चार बहिणींची हकीगत आहे. पहिलीच्या मुलाची मिला केली, तो मेला. दुसरीचा मेला. तिसरीचा मेला. चौथी रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी सांगितले, याची मिला करू नकोस. पुढे रामबामने लिहिले की, एका बाईची दोन मुले मिलामुळे गेली तर तिसऱ्याची लगेच करू नये, मग ती मुले एकाच नवऱ्याची असोत की दुसऱ्या नवऱ्याची. त्यांनी रोगाचे नाव दिले नाही. पण नवरा बदलला तरी धोका बदलत नाही आणि तो बहिणी-बहिणींमध्ये चालतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे दोष आईकडून येतो.

तो कसा येतो ते साध्या शब्दांत सांगते. फॅक्टर आठ कसा बनवायचा याची कृती आपल्या पेशींत एका वहीत लिहिलेली असते असे समजा. त्या वहीचे नाव एक्स गुणसूत्र. बाईजवळ अशा दोन वह्या असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पुरुषाजवळ एकच, आणि ती आईकडून मिळालेली. वडील मुलाला एक्स देतच नाहीत, वाय देतात. म्हणून पुरुषाच्या एकुलत्या वहीत कृती चुकीची असेल तर त्याला आजार होतो. बाईजवळ दुसरी वही असते. तिला आपण 'वाहक' म्हणतो.

वाहक आई प्रत्येक बाळंतपणात दोनपैकी एक वही देते. मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी. मुलगी झाली तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. पहिला मुलगा आजारी म्हणून दुसरा चांगला निघेल, असा हिशेब नाही.

ताईंच्या आईला तीन मुले झाली. दादाला चुकीची वही मिळाली, तो आजारी. ताईंना चुकीची मिळाली, त्या वाहक. माझ्या यजमानांना चांगली मिळाली. त्यामुळे त्यांना आजार नाही आणि त्यांच्या मुलाबाळांना तो त्यांच्याकडून जाऊच शकत नाही. निरोगी भावाजवळ हा आजार संपतो. पण आजारी पुरुषाला मुले झाली तर उलटे असते. त्याचा एकही मुलगा त्याच्यामुळे आजारी होत नाही, कारण मुलाला तो वाय देतो. पण त्याची प्रत्येक मुलगी वाहक असते, कारण त्याच्याजवळ द्यायला तीच एक वही आहे.

ताईंनी ती वही थोरल्या मुलीला दिली, थोरलीने नातीला आणि नातीने बाळाला. दादा गेल्यानंतर दोन पिढ्यांत या फांदीवर मुलगेच झाले नाहीत, मुलीच झाल्या. सत्तर वर्षे आजार घरातच होता, बायकांच्या अंगात, पण दिसला नाही. दिसला नाही, असे आम्ही म्हणत होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हिमोफिलिया असलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरात मागे कोणीच आजारी नसते. वहीत नवीनच चूक झालेली असते. म्हणून मागे कोणी नव्हते एवढ्यावरून रक्त थांबत नसलेल्या बाळाला हिमोफिलिया नाही असे म्हणता येत नाही.

ताईंचे रक्त

दादाची गोष्ट सांगून झाल्यावर ताई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि माझं जे झालं ते?"

मला ते सगळे ठाऊक होते. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. ताईंची पाळी नऊ-नऊ दिवस चाले. दर तासा-दीड तासाला कपडा बदलावा लागे. त्या लग्नातही पांढऱ्याफटक दिसत होत्या म्हणे. लोहाच्या गोळ्या त्यांनी वीस वर्षे खाल्ल्या. १९६८ साली मुंबईत थोरली झाली, तेव्हा बाळंतपण बरे गेले, पण दहाव्या दिवशी इतके रक्त गेले की चार बाटल्या चढवाव्या लागल्या. इथे आल्यावर दाढ काढली तर उशी तीन दिवस लाल होत होती. एकोणचाळिसाव्या वर्षी गर्भाशय काढले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रक्त द्यावे लागले. प्रत्येक वेळी कोणी म्हणाले, ताईंची प्रकृतीच तशी. त्या स्वतः म्हणत, आमच्या घरात बायकांना जास्तच जातं, आईलाही जायचं.

दादाचा वात आणि ताईंची पाळी या दोन गोष्टी घरात दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेल्या होत्या. मी दवाखान्यात असले प्रश्न विचारणारी बाई, मीसुद्धा त्या एकत्र मांडल्या नाहीत. माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हाला शिकवले जाई की पुरुषांना हिमोफिलिया होतो आणि बायका फक्त तो वाहून नेतात. नंतर दवाखान्यात वेगळे शिकले, पण पहिला धडा डोक्यातून पुसला गेला नाही.

ताईंचा फॅक्टर आठ मोजला, तो ३१ टक्के निघाला. निरोगी माणसात तो साधारण ५० ते १५० टक्के असतो. आजचे तज्ज्ञ ४० टक्क्यांहून कमी फॅक्टर असलेल्या बाईला नुसती वाहक म्हणत नाहीत. तिला सौम्य हिमोफिलिया आहे, असेच लिहितात. पुरुषात हाच आकडा आला असता तर आपण त्याला तेच म्हटले असते. शिवाय फॅक्टर आठ वयाबरोबर थोडा वाढतो. तेव्हा विशी-तिशीत ताईंचा आकडा याहून खाली असण्याचीच शक्यता जास्त.

दोन वह्या असताना रक्त का जावे?

ताईंनी मला विचारले, "एक वही चांगली आहे ना माझ्याजवळ? मग?"

उत्तर आपल्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्याजवळ बसलेले असते. काळ्या आणि नारिंगी ठिपक्यांची मांजर तुम्ही पाहिली असेल. ती जवळजवळ नेहमी मादी असते. मांजराचा नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावर लिहिलेला असतो. मादीच्या एका वहीत काळा आणि दुसऱ्या वहीत नारिंगी असेल, तर कातडीच्या काही भागात एक वही उघडी असते आणि काही भागात दुसरी. म्हणून ठिपके. मेरी लायन या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली उंदरांच्या रंगावरून हा नियम मांडला. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असले तरी पेशी त्यांतला एकच वापरते आणि दुसरा मिटून ठेवते. कोणता मिटायचा हे गर्भ अगदी लहान असताना नशिबाने ठरते, आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सगळ्या पेशी तोच मिटलेला ठेवतात.

फॅक्टर आठ मुख्यतः यकृतात बनतो. वाहक बाईच्या यकृतातल्या निम्म्या पेशींनी चांगली वही उघडली आणि निम्म्यांनी चुकीची, तर तिचा फॅक्टर साधारण निम्मा, म्हणजे ५० टक्क्यांच्या आसपास राहतो. पुष्कळ बायकांचे असेच असते आणि त्यांना बहुधा त्रास होत नाही. पण नाणे काही सगळ्यांच्या बाबतीत सारखे पडत नाही. एखादीच्या बहुतेक पेशींनी चांगली वही मिटली, तर तिचा फॅक्टर ३०, २०, क्वचित त्याहूनही खाली जातो. दुसरीच्या बहुतेकांनी चुकीची मिटली, तर तिचा फॅक्टर अगदी निरोगी बाईएवढा असतो. सर्व वाहक बायकांमध्ये साधारण तिघींपैकी एकीचा फॅक्टर कमी असतो. आणि ४० ते ६० टक्के असलेल्यांनाही शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात इतरांपेक्षा जास्त रक्त जाताना दिसते. शिवाय ओ रक्तगटाच्या माणसांत फॅक्टर आठ मुळातच थोडा कमी असतो, त्याचीही भर पडते.

आमच्या घरात हे सगळे एकाच वेळी पाहायला मिळाले. वही तीच, चूक तीच, पण आकडे निरनिराळे. ताईंचा ३१. थोरलीचा ६४, आणि तिला आयुष्यात काही त्रास झाला नाही. धाकटीचा ९६ आला तेव्हा ती खूश झाली आणि म्हणाली, "मी सुटले." मी तिला म्हटले, "थांब बाई." फॅक्टरचा आकडा रक्त जाईल की नाही हे सांगतो. वही चुकीची आहे की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी जनुकाची तपासणी करावी लागते. बाळाच्या रक्तातून घरातली चूक आधी नेमकी सापडली होती, म्हणून धाकटीत तीच शोधणे सोपे गेले. ती वाहक निघाली. तिला लग्नाच्या वयाची मुलगी आहे, म्हणून हे कळणे महत्त्वाचे होते.

नातीच्या आकड्याने तर सगळ्यांनाच चकवले. बाळाचे निदान झाले त्याच आठवड्यात तिचा फॅक्टर ६१ आला. कोणी म्हणाले, ही ठीक आहे. पण गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप चढतो आणि बाळंतपणानंतर एक-दोन आठवड्यांत उतरू लागतो. बाराव्या दिवशी तिला जोराचा रक्तस्राव सुरू झाला. आजीला १९६८ साली दहाव्या दिवशी झाला होता, तसाच. या वेळी मात्र कारण ठाऊक होते, औषध वेळेवर मिळाले आणि रक्त चढवावे लागले नाही. तीन महिन्यांनी पुन्हा मोजला तेव्हा तिचा खरा आकडा आला, ३८. ताप, मोठा ताण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांतही फॅक्टर आठ वर जातो. म्हणून एका तपासणीवर विसंबू नये. फॅक्टर नऊचे मात्र तसे नाही. तो गरोदरपणात फारसा वाढत नाही, तेव्हा हिमोफिलिया बी असलेल्या घरातल्या वाहकेला बाळंतपणाच्या क्षणीही संरक्षण कमी असते.

आता आपल्या वयात याचा काय उपयोग?

ताईंचा आकडा कळल्यावर चार महिन्यांनी त्यांचा खुबा बदलायचा होता. तारीख आधीच ठरली होती. शस्त्रक्रियेच्या फॉर्मवर रक्तस्रावाच्या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहिले होते, आणि त्यांची नेहमीची पीटीटी तपासणी जेमतेम ठीक या रेषेवर होती. फॅक्टर ३१ असताना पीटीटी कधी कधी ठीकही येते. म्हणजे कोणी अडवले नसते. बाळ झाले नसते तर ताई तशाच टेबलावर गेल्या असत्या.

त्याऐवजी तज्ज्ञांनी बेत आखला. ताईंच्या हृदयाला जुना त्रास, म्हणून शरीरातला साठवलेला फॅक्टर बाहेर काढणारे डेस्मोप्रेसिन त्यांनी टाळले. शस्त्रक्रियेआधी फॅक्टर आठचे इंजेक्शन दिले आणि नंतर रोज मोजून लागेल तितके दिले. गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड द्यायचे की नाही, आणि पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करणारे औषध कधी सुरू करायचे, हे त्यांनी अस्थितज्ज्ञांबरोबर बसून ठरवले. म्हातारपणी दोन्ही बाजूंचा धोका असतो. ताई सहाव्या दिवशी चालत होत्या. त्यांना बाहेरचे रक्त द्यावे लागले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शस्त्रक्रियेत असे झाले.

ताईंना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू होते. कमी फॅक्टरच्या माणसाला अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्रास देतात, कारण त्या पहिल्या टप्प्यातल्या प्लेटलेटना दुबळे करतात. पण ती गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि रक्ताचे डॉक्टर मिळून ते ठरवतात. साध्या दुखण्यासाठी आता ताई अकामोल घेतात.

आमच्या वाचक भगिनींनो, तुमची पाळी जाऊन कित्येक वर्षे झाली असतील, पण आठवण गेलेली नाही. सात दिवसांहून जास्त चालणारी पाळी, दर तास-दोन तासांनी बदलावा लागणारा कपडा, बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत आलेला मोठा रक्तस्राव, दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालेले रक्त, वर्षानुवर्षे खाल्लेल्या लोहाच्या गोळ्या. यांतल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या बाबतीत झाल्या असतील, किंवा तुमचा एखादा भाऊ, मामा, बहिणीचा मुलगा सुजणाऱ्या सांध्यांचा किंवा लहानपणी रक्त जाऊन गेलेला असेल, तर कुपात होलिमच्या आपल्या डॉक्टरांना ते सांगा आणि नुसती पीटीटी नको, फॅक्टर आठ आणि नऊ मोजा, असे म्हणा. व्हॉन विलेब्रांड नावाचा दुसरा एक आजार बायकांत असाच दिसतो, त्याची तपासणी त्याच वेळी होते. तेल हाशोमेरच्या शीबा रुग्णालयात राष्ट्रीय हिमोफिलिया केंद्र आहे, तिथे पाठवायला डॉक्टरांना सांगता येते.

आणि हे तुमच्या मुलींना व नातींना सांगा, लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या आधी. वाहक आहे हे आधी कळले तर बाळंतपणात बाळाचे डोके ओढायला व्हॅक्यूम लावणे टाळतात, नाळेतले रक्त लगेच तपासतात आणि मिला पुढे ढकलतात. आमचे बाळ सुखरूप जन्मले, हे नशीब. दुसऱ्या मुलाच्या मिलाची वेळ येईल तेव्हा नात मोहेलला वेगळे उत्तर देईल.

पणतू आता दोन वर्षांचा आहे. त्याला कातडीखाली द्यायचे नवे औषध चालू आहे. ते फॅक्टर आठच्या जागी उभे राहून गुठळीचे काम चालवते. त्याच्या गुडघ्यांत अजून एकदाही रक्त गेलेले नाही. परवा तो ताईंच्या घरी पायऱ्यांवरून उड्या मारत होता आणि ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटले, "ताई, घाबरू नका." त्या म्हणाल्या, "घाबरत नाही गं. दादाला हे असतं तर, एवढंच वाटतं."

ताईंनी आता एका कागदावर घराचा वंश लिहून काढला आहे. त्यात दादाच्या नावापुढे 'वात' खोडून 'हिमोफिलिया' लिहिले आहे, आणि आपल्या व आपल्या आईच्या नावापुढेही कोणाला कुठे, कधी रक्त गेले ते लिहिले आहे. प्रत्येक नातीला त्याची एक प्रत दिली आहे. तुमच्या घरी असा कागद नसेल, तर तो लिहू शकणारे तुम्हीच शेवटचे उरले असाल.